सात नंबरचा भाडेकरू: उर्दू भाडेवहीतल्या उलट्या रकान्यांचं प्रकरण

गाव खानदेशातलं, बोरीकाठचं. मशिदीच्या ट्रस्टची बाजारपेठेत २३ दुकानं आहेत आणि एप्रिल १९६६ ते मार्च १९७१ या पाच वर्षांची भाडेवही एका कपाटात जपून ठेवलेली होती. दर महिन्याला एक पान, म्हणजे ६० पानं, आणि पानावर २३ ओळी. हाताने आखलेली, हाताने लिहिलेली, उर्दूत. ट्रस्टला त्यातून दुकानवार उतारा हवा होता. काम माझ्याकडे आलं तेव्हा मला उर्दू येत नव्हती आणि आजही धड येत नाही. काय चुकलं ते समजायला हे आधी सांगितलेलं बरं.

हस्तलिखित उर्दू यंत्राकडून वाचून घेण्याचा नाद आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. छापील उर्दूसाठी टेसरॅक्ट या अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामचं `urd` मॉडेल आहे, पण मुनीमजींच्या घाईच्या अक्षरापुढे त्याचा निभाव लागला नाही. म्हणून पद्धत अशी ठरवली: पान स्कॅन करायचं, प्रोग्रामने आडव्या-उभ्या रेघा शोधायच्या, प्रत्येक घराचं छोटं चित्र कापायचं आणि माणसाने ते बघून टाइप करायचं. आकडे आमच्याकडच्या ताईंनी केले. उर्दू आकडे दहाच, एका दुपारी शिकून झाले. नावं आणि शेरे उर्दू शाळेतल्या एका सरांनी केले. पानाच्या डोक्यावरचा मजकूर तक्त्याच्या चौकटीबाहेर असल्यामुळे कापला गेला. त्यात महिन्याचं नाव होतं. पण पानं ओळीने आहेत म्हटल्यावर महिना पानाच्या क्रमांकावरून भरता येईल, असं मी ठरवलं आणि पहिल्या पानाला एप्रिल १९६६ दिलं.

वहीत रकाने आठ. सरांनी मथळे वाचून दाखवले तेव्हा गंमत वाटली, कारण निम्मे शब्द आपलेच: नंबर शुमार, नाम किरायेदार, साबिक बकाया, किराया, मीजान, वसूल, बाकी, कैफियत. साबिक बकाया म्हणजे मागची बाकी, मीजान म्हणजे बेरीज. हा क्रम उजवीकडून डावीकडे. नंबर शुमार पानाच्या उजव्या कडेला, कैफियत डाव्या कडेला.

घरं कापणाऱ्या प्रोग्रामला लिपी कळत नाही. त्याला कळतो तो कोपऱ्याचा `x`, आणि `x` डावीकडून वाढतो. त्यामुळे फाइलमध्ये पहिला रकाना कैफियतीचा आला आणि शेवटचा नंबरचा. हे सगळ्यांना लगेच दिसलं. ते दुरुस्त करायचं काम आमच्या एका मित्राने रात्री बसून हाताने केलं: शेवटचे दोन रकाने कापून नंबर आणि नाव पुढे आणले, पहिला कापून कैफियत मागे नेली आणि वर मराठी मथळे टाइप केले. नंबर, नाव, मागील बाकी, चालू भाडं, एकूण, वसूल, शिल्लक, शेरा. सकाळी फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी. मधले पाच रकाने आकड्यांचे होते आणि ते उलटेच राहिले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण आम्ही हिशेब तपासला होता, आणि तो जुळला होता.

तपासणी साधी होती: मागील बाकी अधिक चालू भाडं म्हणजे एकूण, आणि एकूणातून वसूल वजा केलं की शिल्लक. १,३८० ओळींवर ती लावली. टाइपिंगच्या चुका निघाल्या, त्या सुधारल्या, बाकी सगळ्या ओळी चोख. आता हे समीकरण जरा उलटं धरून बघा. मागील + चालू = एकूण = वसूल + शिल्लक. पाच रकाने उलटे केले की मागील आणि शिल्लक जागा बदलतात, चालू आणि वसूल जागा बदलतात, एकूण मधोमध तिथेच राहतं. समीकरण दोन्ही बाजूंनी खरं! जी तपासणी आम्ही पुरावा म्हणून मिरवत होतो, तिला आरशातला उलटेपणा दिसूच शकत नव्हता.

सात नंबरच्या दुकानाच्या फाइलमधल्या पहिल्या तीन ओळी अशा होत्या:

| फाइलमधला महिना | मागील | चालू | एकूण | वसूल | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल १९६६ | ० | ३० | ३० | १२ | १८ |
| मे १९६६ | १८ | १० | २८ | १२ | १६ |
| जून १९६६ | १६ | २० | ३६ | १२ | २४ |

प्रत्येक ओळीची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. इतकंच नाही, एका महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्याची मागील बाकीही होते आहे: १८ खाली १८, १६ खाली १६. ही दुसरी तपासणीही आम्ही केली होती आणि तिच्यावर माझा पहिलीपेक्षा जास्त विश्वास होता. महिन्यांची साखळी उलट्या रकान्यांत जुळणं शक्य नाही, असं मला वाटायचं. खरं तर ते तेव्हाच अशक्य आहे, जेव्हा पानं सुलट क्रमाने असतात.

वरच्या तक्त्यातली विसंगती ट्रस्टच्या एका म्हाताऱ्या चाचांनी पकडली. ते पुढच्या काळात स्वतः दुकानांची वसुली करायचे. मी कौतुकाने छापील उतारा पुढे केला, त्यांनी बोट चालू भाड्यावरून खाली ओढलं, तीस, दहा, वीस, आणि म्हणाले, "काय रे भाऊ, भाडं महिनाले महिनाले बदलस का?" मग शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं: बारा, बारा, बारा. "नि हाऊ माणूस दर महिनाले बराबर बाराच देस?"

एवढं पुरलं. भाडं ठरलेलं असतं, देणं ठरलेलं नसतं. त्या ओळींत नेमकं उलटं होतं.

हीच गोष्ट फाइलला विचारायची झाली तर एक ओळ पुरते:

```python
df.groupby("dukan")[["chalu", "vasul"]].nunique()
```

प्रत्येक दुकानासाठी चालू भाड्याच्या आणि वसुलीच्या किती वेगवेगळ्या रकमा आल्या, ते यातून कळतं. सुलट वहीत चालूच्या खाली एक किंवा दोन यायला हवेत (पाच वर्षांत एखादी भाडेवाढ धरा) आणि वसूलच्या खाली जास्त. आमच्याकडे नऊ दुकानांना हे उघड उलटं निघालं. उरलेल्या चौदा दुकानांना दोन्हीकडे जवळपास सारखेच आकडे होते.

त्या चौदांनी आम्हाला फसवलं होतं. वेळच्या वेळी भाडं देणाऱ्या माणसाची ओळ कशी दिसते? मागील ०, चालू १२, एकूण १२, वसूल १२, शिल्लक ०. ही ओळ उजवीकडून वाचा की डावीकडून, एकच आहे. आम्ही मूळ पानाशी ताडून बघायला म्हणून इथून तिथून ज्या ओळी उचलल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक अशा सज्जनांच्या होत्या. रकाने उलटलेत का, हे बघायचं असेल तर थकबाकीदाराची ओळ निवडूनच घ्यावी लागते. नेकीने पैसे भरणारा इथे काहीच सांगत नाही.

आता साखळी का जुळली, त्याकडे येतो. उर्दू वही उजवीकडे शिवलेली असते. आपण जिला मलपृष्ठ म्हणू तिथे ती सुरू होते. स्कॅन करणाऱ्याने वही मराठी पद्धतीने समोर धरली, डावीकडे शिवण, आणि पहिलं उघडलेलं पान पहिलं म्हणून घेतलं. ते मार्च १९७१ चं होतं. म्हणजे पानं शेवटून सुरुवातीकडे आणि रकानेही शेवटून सुरुवातीकडे. काळ उलटा, ओळही उलटी. खऱ्या वहीत जानेवारीची शिल्लक फेब्रुवारीची मागील बाकी होते. दोन्ही उलटवलं तर फेब्रुवारीची "शिल्लक" जानेवारीची "मागील बाकी" होते. साखळी एक कडी न तुटता जुळते.

खरं चित्र हे होतं:

| खरा महिना | मागील | चालू | एकूण | वसूल | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| जानेवारी १९७१ | २४ | १२ | ३६ | २० | १६ |
| फेब्रुवारी १९७१ | १६ | १२ | २८ | १० | १८ |
| मार्च १९७१ | १८ | १२ | ३० | ३० | ० |

आमच्या उताऱ्यात सात नंबरवाला कोऱ्या पाटीने सुरुवात करून कर्जात बुडत जाणारा माणूस होता. वहीत त्याने मार्चमध्ये तीस रुपये एकदम भरून खातं निल केलेलं होतं.

खरं म्हणजे साखळी पूर्ण जुळलेली नव्हतीच, आणि हे लिहिताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. ६० पानांत लागोपाठच्या ५९ जोड्या. त्यांतल्या ५४ जुळल्या आणि ५ तुटल्या, त्याही सगळ्या एकाच जागी: फाइलच्या १९ व्या पानापासून २४ व्या पानापर्यंत. मी तेव्हा शेरा मारला होता, "या काळात मुनीमजींच्या हिशेबात गोंधळ." गोंधळ मुनीमजींचा नव्हता. २० ते २३ ही चार पानं कुणा दुसऱ्याने मराठीत, डावीकडून उजवीकडे लिहिलेली होती. बहुधा मुनीमजी रजेवर असावेत. रकाने कापून चिकटवणाऱ्या मित्राला त्या चार पानांवर नंबरच्या जागी शेरे दिसले होते आणि त्याने ती ९२ ओळींची पट्टी हाताने "नीट केली" होती. म्हणजे अख्ख्या फाइलमध्ये आकडे सुलट होते ते त्या चारच पानांवर. पानांचा क्रम मात्र तिथेही उलटा, म्हणून साखळी तिथे तुटली. जे बरोबर होतं ते चूक म्हणून उठून दिसत होतं.

मग मूळ स्कॅन उघडून त्या चार पानांची डोकी बघितली. मराठीत लिहिलेली, मलाही वाचता येणारी. फाइलमध्ये ज्या विसाव्या पानाला नोव्हेंबर १९६७ म्हटलं होतं, त्यावर ऑगस्ट १९६९ होतं. २३ व्यावर मे १९६९. पान पुढे जातंय आणि महिना मागे. तेवढं एकदा आधी बघितलं असतं, तर चाचांकडे जावं लागलं नसतं.

दुरुस्ती आम्ही तयार फाइलवर केली नाही. तिच्यावर इतक्या हातांनी इतकं कापलं-चिकटवलं होतं की कुठली ओळ किती वेळा फिरली ते कुणालाच सांगता आलं नसतं. टाइप केलेला मजकूर घरांच्या मूळ जागांसह साठवलेला होता, तिथूनच पुन्हा सुरुवात केली. घर कुठल्या रकान्यातलं, हे उभ्या रेघांवरून ठरवायचं आणि रकान्याचा क्रमांक उजवीकडून मोजायचा:

```python
n = len(edges) - 1          # edges: उभ्या रेघांचे x, चढत्या क्रमाने
row = [""] * n
for c in cells:
    mid = c["x"] + c["w"] / 2
    i = bisect.bisect_right(edges, mid) - 1
    row[n - 1 - i if rtl else i] = c["text"]
```

सगळा बदल `n - 1 - i` एवढाच आहे. तरी दोन गोष्टींवर थांबावं लागतं. पहिली, रिकामी घरं. बरेच प्रोग्राम शाई नसलेलं घर गाळून टाकतात, त्यामुळे कुठे आठ घरं येतात, कुठे सहा. अशी लांडी ओळ थेट `row[::-1]` ने उलटवली की रिकाम्या जागेपलीकडचं सगळं सरकतं आणि शिल्लकेचा आकडा वसुलीत जाऊन बसतो. आधी रेघांप्रमाणे आठही जागा भरायच्या, रिकाम्याला रिकामं ठेवायचं, मग उलटवायचं. रेघा मात्र प्रत्येक पानाच्या वेगळ्या घ्याव्या लागतात, कारण शिवणीजवळ कागद वाकतो आणि कडेचा रकाना अरुंद दिसतो. पान तिरकं असेल तर ते आधी सरळ करणं आलंच.

दुसरी गोष्ट, उलटवायचे ते रकाने, त्यांच्या आतला मजकूर नव्हे. उर्दू उजवीकडून लिहितात, पण आकडे तिथेही डावीकडूनच वाचतात. १२ उर्दूतही १२ असाच लिहितात. उर्दू अक्षरंसुद्धा संगणकात उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, उजवीकडे दिसतात ती पडद्यावर मांडताना. छापील पानावर टेसरॅक्ट चालवलं तरी शब्द याच क्रमाने मिळतात. कुणी अख्खी ओळ अक्षराअक्षराने उलटवली तर नावांचं वाटोळं होतं आणि १२ चे २१ होतात. एकाने सुचवलं होतं की चित्रच आडवं उलटवून घ्या, मग डावं-उजवं आपोआप जमेल. रेघांपुरतं जमेलही, पण ताईंपुढे आरशातले आकडे आले असते.

`rtl` म्हणजे पान उजवीकडून लिहिलेलं. ते कधी खरं आणि कधी खोटं, हे पानागणिक ठरवलं. सगळ्या वहीला एकच नियम लावला असता, तर ती चार मराठी पानं आता उलटी झाली असती. कसोटी अनुक्रमांकाची: कडेच्या दोन रकान्यांपैकी ज्यात वरून खाली १, २, ३ असे २३ पर्यंत आकडे वाढत जातात, ती कड सुरुवातीची. ५६ पानांवर ती उजवी निघाली, ४ पानांवर डावी. कैफियतीच्या रकान्यात असे चढते आकडे योगायोगानेही येत नाहीत, म्हणून इथे शंकेला जागा उरत नाही. आकड्यांच्या पाच रकान्यांवर हाच भरवसा ठेवता आला नसता.

महिने सरांनी वाचले. साठ डोकी वेगळी कापली, एका शीटवर लावली, चहा होईस्तोवर काम संपलं. आधी तीन दिवस आम्ही जे अंदाजाने चालवत होतो ते हे.

एवढं झाल्यावर सरांचा फोन आला: "भाऊ, अजून उलटंच दिसतंय." त्यांनी फाइल नोटपॅडमध्ये उघडली होती. मी घाबरून बघितलं तर खरोखर नंबरनंतर लगेच कैफियत, मग आकडे आणि टोकाला नाव. पण फाइल बरोबर होती, दाखवणं फसवं होतं. स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळीत उर्दू नाव आलं की तिथून पुढचा भाग उजवीकडून मांडला जातो, आणि पुढे कैफियतही उर्दू असली की नावापासून कैफियतीपर्यंतचा सगळा तुकडा पडद्यावर फिरतो. आकड्यांचा नियम वेगळा: दोन आकड्यांमध्ये एकच स्वल्पविराम असेल तर दोन्ही दिशांची लिपी मांडण्याचा युनिकोडचा नियम त्यांना एकच मोठा आकडा समजतो आणि डावीकडून मांडतो. त्यामुळे `16,12,28,10,18` सुलट दिसतं. पण मध्ये एक घर रिकामं असलं की दोन स्वल्पविराम लागोपाठ येतात, तो सांधा तुटतो आणि `16,12,28,,28` हे पडद्यावर `28,,16,12,28` असं दिसतं. शेजारच्या दोन ओळी, एकीत शिल्लक उजवीकडे, दुसरीत डावीकडे. हे बघून कुणीही म्हणेल की डेटा बिघडला, आणि "दुरुस्त" करायला घेईल.

स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरला की हा खेळ थांबतो, कारण टॅबच्या पलीकडे मांडणी नव्याने सुरू होते. स्प्रेडशीटमध्येही थांबतो, पण तिथे एक वेगळा चकवा आहे. शीट उजवीकडून दाखवण्याची सोय कुणी चालू करून ठेवलेली असली की `A` रकाना उजव्या हाताला येतो. सरांच्या संगणकावर ती चालू होती, माझ्या नाही. एकच फाइल त्यांना सुलट आणि मला उलटी, असा अर्धा तास फोनवर गेला. आता आम्ही एकमेकांना "डावा-उजवा" असं सांगतच नाही. `A` मध्ये काय, `D` मध्ये काय, एवढंच विचारतो.

नवीन उताऱ्यावर जुन्या दोन्ही तपासण्या पुन्हा लावल्या आणि त्यांना जोडून चालू-वसूलची ती एक ओळ. नऊही थकबाकीदारांचं चालू भाडं स्थिर निघालं आणि वसुली हलती. साखळीच्या ५९ पैकी ५६ कड्या जुळल्या. ज्या तीन तुटल्या त्या लागोपाठच्या दोन पानांच्या: अलीकडची, मधली आणि पलीकडची. त्या पानांची डोकी वाळवीने खाल्ली होती आणि सरांनी उरलेल्या दोन अक्षरांवरून महिने लावले होते, एकाला जून, दुसऱ्याला जुलै. नऊ जणांच्या बाक्या पुढे-मागे जुळवून बघितल्या तेव्हा जून म्हणून लावलेलं पान एक घर सरकून जुलैत बसलं, आणि जुलै म्हणून लावलेलं पान जूनमध्ये. सरांनी भिंगाखाली धरून पाहिलं आणि म्हणाले, जून आणि जुलै दोन्हीची सुरुवात जीम आणि वावनेच होते, पुढचं वाळवीच्या पोटात आहे.